4 जूनला पडलेले आणि वर गेलेले शेअर

4 जून 2024, लोकसभेचे निकाल. बडोद्यात दांडियाबाजारात माझं म्युच्युअल फंडाचं छोटं ऑफिस आहे, त्या दिवशी सकाळपासून फोन थांबतच नव्हता. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी सव्वातीन टक्के चढून बंद झालेला, आणि आज दिवसअखेर जवळजवळ सहा टक्के खाली.

बाराच्या सुमारास एक काका स्वतःच आले. त्यांचे पैसे निफ्टी 200 मोमेंटम 30 च्या इंडेक्स फंडात. "काढून टाक सगळं, तीनच्या आत टाकलं की आजचा भाव मिळतो ना?" मिळतो, पण तो भाव संध्याकाळचा, आत्ता स्क्रीनवर दिसतोय तो नाही. मी त्यांना बाजूला बसवलं नि स्क्रीन फिरवली. आरईसी, पीएफसी या सरकारी कंपन्यांचे शेअर धडाधड खाली, सरकारी बँकांचा इंडेक्स पंधरा टक्क्यांच्या आसपास तुटलेला, आणि हिंदुस्तान युनिलिव्हर, ज्याला वर्षभर कोणी विचारत नव्हतं, तो हिरवा!

काका म्हणाले, "हे उलटंच चाललंय की."

हेच तर मोमेंटमचं दुखणं आहे. हा इंडेक्स मागच्या सहा आणि बारा महिन्यांत जे जास्त चढले ते तीस शेअर घेतो (चढउतार फार असतील तर गुण कापतो) आणि जून-डिसेंबरला यादी बदलतो. यात दम आहे, जेगदीश आणि टिटमन या संशोधकांनी 1993 मध्ये अमेरिकेतल्या 1965 ते 89 च्या शेअरवर दाखवलं की सहा महिन्यांचे विजेते घेऊन हरलेले विकले तर पुढच्या सहा महिन्यांत महिन्याला साधारण एक टक्का सुटतो. कारण मला तरी पटतं. चांगली बातमी भावात हळूहळू उतरते, लोक थोडा नफा दिसला की विकतात आणि तोट्यातला शेअर धरून बसतात, त्यामुळे चढणारा एकदम न चढता महिनोन्महिने चढत राहतो.

पण मग सगळे त्याच शेअरमध्ये गोळा होतात, तेही एकाच कारणावर. तेव्हा सरकारी शेअर चढत होते ते सरकार भक्कम येणार या भरवशावर, तो हलला की सगळेच एकदम दाराकडे धावणार. 2009 मध्ये अमेरिकेत याची दुसरी बाजू दिसली, मार्च ते मे हरलेल्यांचा गट 163 टक्के चढला आणि विजेत्यांचा फक्त 8. म्हणजे बाजार वर येतोय आणि मोमेंटमवाला मागे राहतोय.

काकांनी शेवटी अर्धे काढले, उरलेले ठेवले, आणि मला ते बरोबर वाटलं कारण त्यांना दोन वर्षांत मुलीच्या लग्नाला पैसे हवे होते. 7 जूनला निफ्टी 3 जूनच्या वर बंद झाला खरा, पण सप्टेंबरनंतर खरी उतरण आली. निफ्टी 50 सोळा-सतरा टक्के पडला नि मोमेंटम 30 त्याच्या जवळपास दुप्पट. तीस टक्के पडलेलं भरून यायला त्रेचाळीस टक्के चढावं लागतं, म्हणून आता कोणी मोमेंटम मागितला की आधी विचारते, पैसे कधी लागणार? तीन-चार वर्षांत लागणार असतील तर फॉर्म भरत नाही.