किती पानं होतील, ते आधी सांगा

"काकू, पुढच्या रविवारी घरी कार्यक्रम आहे. जेवण किती लागेल?"

फोनवर एवढंच वाक्य होतं. किती माणसं, काय करायचं, कोण येणार, यातलं काहीच नाही. पुण्यात केटरिंग करणाऱ्या प्रत्येकाला असे फोन येतात. विचारणाऱ्यांना किलोचा आकडा हवा असतो, पण तो कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. माणसं पन्नासच धरली तरी मेनूप्रमाणे हिशेब कुठल्या कुठे जातो. नुसता मसालेभात आणि मठ्ठा ठेवला तर एका पानाला १०० ग्रॅम कच्चा तांदूळ लागतो. पुरी, श्रीखंड, दोन भाज्या आणि वरण-भात असलेल्या पूर्ण ताटात मसालेभाताला ४० ग्रॅम पुरतात. म्हणजे पन्नास पानांना एकीकडे पाच किलो तांदूळ, दुसरीकडे दोन किलो.

त्यामुळे मी पहिला प्रश्न मेनूचाही विचारत नाही आणि माणसांचाही नाही. कार्यक्रम कसला, हे विचारते, कारण त्यावरून पाहुण्यांची वयं कळतात. या बाईंनी सांगितलं, "सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन." इथेच निम्मा उलगडा झाला. बाई ऐंशी पार केलेल्या, म्हणजे त्यांच्या बहिणी, जावा, नणंदा, जुन्या शेजारणी येणार. बारशाला किंवा वाढदिवसाला असते त्यापेक्षा ही पंगत फार वेगळी जेवते.

दुसरा प्रश्न माणसांचा, पण "किती माणसं?" असा विचारायचा नाही. त्याचं उत्तर "पन्नास-साठ" असंच येतं आणि त्यात दहा पानांचा गाळा राहतो. मी विचारलं, "बोलावणं किती घरांना केलंय? वही घ्या आणि घरागणिक नावं सांगा." २१ घरं निघाली. प्रत्येक घरापुढे चार रकाने केले: मोठी माणसं, सत्तरीच्या पुढची, पाच ते बारा वर्षांची मुलं आणि पाचाच्या आतली. ज्यांचं येणं अवघड होतं ती नावं त्यांनी स्वतःच खोडली. यादी उरली ६२ पानांची: ३६ मोठी माणसं, १५ ज्येष्ठ, ७ मुलं, ४ लहानगी. हे सगळं फोनवर वीस मिनिटांत झालं.

यादीत हमखास राहणारी माणसं मग वेगळी विचारली. गुरुजी दोन. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर दोन. फोटोवाला एक. आमचे वाढपी आणि घरच्या मदतीच्या मावशी मिळून चार. ही नऊ पानं कुठल्याच निमंत्रणात नसतात आणि शेवटी जेवायला बसतात, त्यामुळे तुटवडा पडला की तो नेमका त्यांच्याच ताटात पडतो. त्यांच्यासाठी मी मूळ हिशेबात काहीही न मिसळता पाऊण किलो तांदूळ, पाव किलो डाळ, किलोभर कणीक आणि त्या बेताची भाजी बाजूला धरली.

मेनू त्यांनी नेहमीचा सांगितला: पुरी, श्रीखंड, बटाट्याची पिवळी भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, मसालेभात, साधं वरण-भात, मठ्ठा, पापड. आता मुख्य गोष्ट येते. बहुतेक जण म्हणतात, म्हातारी माणसं आणि मुलं कमी खातात, तर सगळंच थोडं कमी करा. असं केलं की हमखास फसतं. ज्येष्ठ माणूस कमी जेवतो हे खरं, पण तो सगळ्याच पदार्थांत सारखा कमी जेवत नाही. पुरी दोनावर थांबते, मसालेभात चवीपुरता घेतला जातो, उसळ बहुधा बाजूला सारली जाते आणि पोट भरतं ते वरण-भातावर. त्यामुळे काही पदार्थ उतरतात आणि एखादा चढतो.

या ६२ पानांवर ते कसं बसलं ते बघा. सरसकट सगळ्यांना मोठं माणूस धरलं असतं तर पानाला पाच पुऱ्यांप्रमाणे ३१० पुऱ्या झाल्या असत्या. रकान्यांप्रमाणे मोजल्या तेव्हा मोठ्यांच्या १८०, ज्येष्ठांच्या ३०, मुलांच्या २१ आणि लहानग्यांच्या ४, म्हणजे एकूण २३५. एका किलो कणकेत मध्यम आकाराच्या ४५ ते ५० पुऱ्या होतात, तेव्हा पाच किलो कणीक पुरली. ज्येष्ठांसाठी २० मऊ फुलके वेगळे धरले.

मसालेभाताला मोठ्या माणसामागे ४० ग्रॅम, ज्येष्ठ आणि मुलांना २० ग्रॅम, लहानग्यांना काही नाही. एकूण १ किलो ८८० ग्रॅम, म्हणजे दोन किलो तांदूळ. सरसकट हिशेबात तो अडीच किलो निघाला असता. साध्या भाताचं मात्र उलटं झालं. मोठ्यांना ३० ग्रॅम, ज्येष्ठांना ५०, मुलांना आणि लहानग्यांना २५. बेरीज २१०५ ग्रॅम, आणि आम्ही सव्वादोन किलो घेतला. सरसकट धरला असता तर १८६० ग्रॅमवर थांबलो असतो आणि आज्यांच्या पानात भात संपला असता. तूरडाळ मोठ्यांना ३०, ज्येष्ठांना ४० आणि मुलांना २० ग्रॅम धरून दोन किलोला जरा कमी आली. दोन किलो शिजवली.

श्रीखंडाचा हिशेब मोठ्यांना १०० ग्रॅम, मुलांना ८०, ज्येष्ठांना ५० असा धरला. पाच ते बारा वर्षांची मुलं पुरी अर्धवट टाकतात पण श्रीखंडाची वाटी चाटून पुसून संपवतात, म्हणून त्यांचं माप इतर पदार्थांसारखं निम्म्यावर आणायचं नाही. एकूण पाच किलो झालं, सरसकट हिशेबापेक्षा सव्वा किलोने कमी. ज्येष्ठांत मधुमेहाची माणसं बरीच असतात, त्यांना मोठी वाटी वाढली तर ती तशीच परत येते. त्यांच्यासाठी लहान वाट्या मांडल्या.

बटाटे साडेपाच किलो आणि मटकी दीड किलो कोरडी. मटकीचा निर्णय लांबवता येत नाही. रविवारी दुपारी जेवण असेल तर शुक्रवारी रात्री भिजत पडायला हवी, म्हणजे शनिवारी सकाळी उपसून बांधली की रविवारी पहाटेपर्यंत मोड येतात. ज्येष्ठांना पर्याय म्हणून दुधीची मऊ भाजी थोडी सुचवली, ती बाईंना पटली.

यादी कितीही नीट केली तरी रविवारी दहा पानं वर-खाली होतात. ती सांभाळायला सगळे पदार्थ दहा टक्क्यांनी वाढवणं ही सर्रास चाललेली पद्धत आहे आणि मला ती मान्य नाही. श्रीखंड, उसळ, कोशिंबीर हे वाढवले की उरतात आणि वाया जातात, आणि ऐन वेळी कमी पडले तर नव्याने करताही येत नाहीत. त्यांचं माप यादीइतकंच ठेवायचं. वाढ धरायची ती ऐन वेळी होणाऱ्या पदार्थांत, आणि तीही कच्ची. आम्ही दोन किलो तांदूळ, किलोभर डाळ, किलोभर कणीक न भिजवता ठेवली. किलोभर बटाटे उकडून सोलून ठेवले, पण फोडणीत घातले नाहीत. गोड संपलं तर दोन लिटर दूध आणि भाजलेल्या शेवया होत्या. खीर वीस मिनिटांत होते. लागलं नाही तर हे सगळं घरात तसंच वापरता येतं.

तिसरा प्रश्न जेवणाच्या वेळेचा. बाई म्हणाल्या, "साडेबारा." पण होम आणि औक्षण असलेल्या कार्यक्रमात साडेबाराचा दीड सहज होतो. उशीर झाला की मुलांना मधेच बिस्किटं, वेफर दिले जातात आणि ती पानावर बसून काही खात नाहीत. मधुमेही ज्येष्ठांना तर थांबवताच येत नाही. म्हणून ठरवलं की ज्येष्ठ आणि लहान मुलांची पंगत साडेबाराला टेबलावर बसवून वाढायची, औक्षण त्याआधी उरकायचं आणि बाकीच्यांचा बुफे नंतर लावायचा. सत्तरीपुढच्या माणसाला हातात ताट देऊन रांगेत उभं करणं मला बघवत नाही. शिवाय तसं केलं की तो एकदाच वाढून घेतो, परत उठत नाही आणि अर्धपोटी राहतो.

रविवारी पहिली पंगत उठली तेव्हा मी टोप उघडून पाहिले. निम्मी पानं जेवली की प्रत्येक टोपात निम्म्याला थोडं वर उरलेलं हवं, अशी साधारण खूण असते. इथे ती चालत नव्हती, कारण ज्येष्ठ आधी जेवलेले. अपेक्षेप्रमाणे मसालेभात जवळजवळ भरलेला होता, पण साधा भात निम्म्याच्या खाली गेला होता. एप्रिलचं ऊन होतं आणि मोठी माणसंही दुपारी ताक-भात मागणार हे दिसत होतं. तेव्हाच एक किलो तांदूळ चढवायला सांगितला. टोप रिकामा झाल्यावर तांदूळ धुवायला घेतला तर पाऊण तास पाहुणे ताट धरून बसतात; म्हणून बघायचं ते निम्म्यावर. पुऱ्या तर दहा-बारा माणसांमागे घाणा काढत राहायचं, आधी तळून ढीग रचायचा नाही. गार पुरी कुणी दुसऱ्यांदा घेत नाही आणि मग भाताचा हिशेब चुकतो.

प्रत्यक्षात यादीतली चार पानं आली नाहीत आणि शेजारच्या इमारतीतली सहा जणं न सांगता आली. वाढवलेला भात लागला, त्यावर थोडी डाळही शिजवावी लागली. मठ्ठ्याला पानाला १५० मिली धरला होता, तो उन्हामुळे कमी पडला. बर्फ आणि पाणी घालून वाढवण्याऐवजी दोन किलो दही आणवून ताजा घुसळला. शेवटी वाढपी आणि ड्रायव्हर बसले तेव्हा त्यांच्या पानात पुरीपासून श्रीखंडापर्यंत सगळं होतं.

उरलं ते असं: श्रीखंड अर्धा किलोच्या आत, मसालेभात पाच-सहा पानांचा, उसळ वाटीभर. राखीव कणीक, दूध आणि शेवया जशाच्या तशा राहिल्या. उकडलेले बटाटे बाईंनी ठेवून घेतले, मुंबईची मंडळी संध्याकाळपर्यंत थांबणार होती.