उत्तरसूचीतला π/6 आणि माझा 5π/6

प्रगामी तरंगाचं समीकरण लिहायचं गणित दिसायला सोपं असतं. आयाम, तरंगलांबी, आवर्तकाल आणि दिशा दिलेली असते. पहिल्या तिघांत अडण्यासारखं काही नाही. आयाम जसाच्या तसा घ्यायचा, k म्हणजे 2π/λ, ω म्हणजे 2π/T. वेळ खाते ती दिशा. त्यातून गणितात सुरुवातीची स्थितीही दिली असेल, तर चिन्हं एकमेकांत अशी अडकतात की बरोबर उत्तर लिहूनही आपण चुकलो असं वाटायला लागतं. बारावीत माझं नेमकं हेच झालं. त्या उत्तरसूचीचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

क्लासच्या सरावपत्रिकेतलं गणित असं होतं: दोरीवरून तरंग अधिक x दिशेला जातो आहे. आयाम ४ सेमी, तरंगलांबी ०.८ मीटर, आवर्तकाल ०.२ सेकंद. t = 0 ला आरंभबिंदूवरचा कण मधल्या रेषेच्या २ सेमी वर आहे आणि आणखी वर चालला आहे. समीकरण लिहा.

k आला 2.5π, ω आला 10π. एनसीईआरटीच्या पुस्तकात असतं तेच रूप मी घेतलं, sin(kx − ωt + φ). x = 0, t = 0 ठेवल्यावर 4 sin φ = 2, म्हणजे sin φ = 1/2. इथे φ ला दोन किमती मिळतात, π/6 आणि 5π/6. कण वर चालला आहे की खाली, हे गणितात सांगितलेलं असतं ते या दोघांतून एक निवडण्यासाठीच. कणाचा वेग काढायचा तर t च्या संदर्भात विकलन करायचं. t च्या आधी वजा आहे, तो बाहेर येतो, आणि आरंभबिंदूवरचा वेग −Aω cos φ होतो. कण वर जातोय म्हणजे हा वेग धन हवा, म्हणजे cos φ ऋण हवा, म्हणजे φ = 5π/6. माझं उत्तर:

```
y = 4 sin(2.5πx − 10πt + 5π/6)
```

(y सेमीमध्ये, x मीटरमध्ये, t सेकंदात.) उत्तरसूचीत मात्र सगळं हेच, फक्त शेवटी π/6. सरांना विचारलं तर म्हणाले, "अगं, kx आधी लिही नाहीतर ωt आधी लिही, दोन्ही चालतं." दोन्ही चालतं हे खरंच आहे. पण माझा प्रश्न तो नव्हता. रूप बदललं की φ तोच राहतो का, हा होता, आणि त्याचं उत्तर मिळेना. मैत्रिणींनी उत्तरसूची पाहून आपापले π/6 करून टाकले. मला ते करवेना, कारण π/6 ठेवून वेग काढला की तो ऋण येत होता. कण खाली चालला होता आणि गणित म्हणत होतं वर.

गाठ सुटली ती सूत्र बाजूला ठेवून फक्त आरंभबिंदूवरच्या कणाकडे पाहिल्यावर. तो एकटा कण साधी सरल आवर्त गती करतो. तरंग डावीकडे चालला आहे की उजवीकडे, याचा त्याच्या वरखाली होण्याशी संबंध नाही. म्हणून त्याचं समीकरण आधी लिहायचं: y = 4 sin(10πt + φ). t च्या आधी अधिक असल्यामुळे वेग Aω cos φ, तो धन हवा, म्हणून φ = π/6. इथे वजा कुठून येतच नाही.

आता दिशा आणायची. तरंग उजवीकडे जातोय, तर x अंतरावरचा कण तीच हालचाल x/v इतक्या उशिराने करणार. v = λ/T, इथे सेकंदाला ४ मीटर. म्हणून t च्या जागी t − x/v लिहायचं. ω/v म्हणजेच k, त्यामुळे मिळतं:

```
y = 4 sin(10πt − 2.5πx + π/6)
```

अधिक दिशेला जाणाऱ्या तरंगात वजा का, हेही इथेच उमगलं. तो वजा उशिराचा आहे. तरंग डावीकडे जात असेल तर उजवीकडचा कण ती हालचाल आधीच करून झालेला असतो, म्हणून t + x/v. तेवढं एकच चिन्ह बदलतं, π/6 तसाच राहतो.

आता sin(π − θ) = sin θ वापरून पाहा. 10πt − 2.5πx + π/6 हा कोन π मधून वजा केला की 2.5πx − 10πt + 5π/6 मिळतो. म्हणजे माझं पहिलं उत्तर आणि हे, दोन्ही एकच तरंग. उत्तरसूची करणाऱ्याने एका रूपातला φ काढून दुसऱ्या रूपात चिकटवला होता. हे वहीत पूर्ण मांडून दाखवल्यावर सरांनी उत्तरसूचीवर पेनने दुरुस्ती केली. त्या क्षणी मला झालेला आनंद मोठा होता, आणि मी तो लपवलाही नाही.

तेव्हापासून मी ωt नेहमी अधिकच ठेवते आणि दिशेचं चिन्ह फक्त kx ला देते. पर्यायांत kx − ωt दिलं असेल, तर शेवटी वरच्या सूत्राने रूप बदलते. मात्र फक्त दिशा विचारली असेल तर एवढं करायची गरज नाही. x आणि t यांची चिन्हं वेगळी असतील तर तरंग अधिक x दिशेला, सारखी असतील तर वजा x दिशेला. कोण आधी लिहिलंय याने फरक पडत नाही.

उत्तर तपासायला मी उंचवटा शोधते. उंचवट्यावर कंसातला कोन π/2 असतो. t = 0 ला 2.5πx = π/6 − π/2 = −π/3, म्हणजे x साधारण −०.१३ मीटर. उंचवटा आरंभबिंदूच्या डावीकडे आहे आणि उजवीकडे येतो आहे, म्हणून आरंभबिंदूवरचा कण वर चढणार. जुळलं. उत्तरसूचीच्या समीकरणात हाच उंचवटा x = +०.१३ पाशी येतो, आरंभबिंदू ओलांडून पुढे निघून गेलेला. मग मागचा कण वर कसा जाईल? चढणाऱ्या कणाकडे उंचवटा ज्या बाजूने तरंग येतो त्याच बाजूने यायला हवा. हे चित्र काढायला अर्धा मिनिटही लागत नाही.

किमती कॅल्क्युलेटरवर टाकून पाहणार असाल तर तो रेडियनवर आहे ना ते आधी बघा, कारण हे सगळे कोन रेडियनमधले आहेत. आणि आलेख दिला असेल तर आडव्या अक्षावर काय आहे ते वाचल्याशिवाय चिन्हाला हात लावू नका. आडव्या अक्षावर t असेल तर आलेखाचा चढ म्हणजेच कणाचा वेग. पण x असेल आणि तरंग उजवीकडे जात असेल, तर आलेख जिथे चढतो तिथला कण खाली चाललेला असतो.