फलंदाजीचे टायमिंग: स्वाइपमधला नेमका कोणता क्षण धरावा?

मागच्या नोंदीत मांडलेला वेगवान गोलंदाजीचा प्रश्न अखेर सुटला आहे. आपल्या मोबाइलवरच्या क्रिकेट खेळात पडद्यावर बोट सरकवून, म्हणजे स्वाइप करून, फटका मारतात. त्यात ताशी १४० किमी वेगाच्या चेंडूवर काही खेळाडूंचा प्रत्येक फटका 'उशिरा' ठरत होता, तर काहींना तोच चेंडू सहज जमत होता. जळगावच्या आमच्या गल्लीतला एक मुलगा फोन पुढे करून सारखा म्हणत असे, "भाऊ, मी टाइमावरच मारतो, तरी लेट दाखवतं." त्याचे म्हणणे खरे होते.

आपल्या खेळात बोट उचलले जाते तोच क्षण फटक्याचा मानला जात होता. ताज्या चाचणीतला एकच चेंडू पाहू. गोलंदाजाच्या हातातून सुटल्यापासून ४८० मिलिसेकंदांनी तो बॅटपाशी पोहोचतो. या मुलाचे बोट ३४५व्या मिलिसेकंदाला पडद्यावर टेकले, ३६८व्याला चार मिलिमीटर सरकले आणि ५१५व्याला उचलले गेले, म्हणजे खेळाच्या हिशेबाने चेंडू निघून गेल्यावर ३५ मिलिसेकंदांनी. त्याच्या मित्राचे बोटही चार मिलिमीटरवर ३६८ ला पोहोचले होते, पण त्याचा स्वाइप आखूड असल्याने ते ४४० लाच उचलले गेले. दोघांनी निर्णय एकाच क्षणी घेतला होता आणि निकालात मात्र ७५ मिलिसेकंदांचा फरक पडला.

आता बोट चार मिलिमीटर सरकते तो क्षण निर्णयाचा धरला आहे. हे अंतर पिक्सेलमध्ये मोजू नये, पडद्याच्या घनतेवरून मिलिमीटरमध्ये काढावे, नाहीतर प्रत्येक फोनवर ते बदलते. बॅट खाली यायला १२० मिलिसेकंद लागतात असे धरले, तर या चेंडूसाठी आदर्श क्षण ३६० ठरतो आणि दोघेही केवळ आठ मिलिसेकंद उशिरा, म्हणजे उत्तम टायमिंगच्या २५ मिलिसेकंदांच्या आत येतात. दिशा मात्र त्या क्षणी ठरवायची नाही. चार मिलिमीटरच्या हालचालीवरून कोन काढला तर तो फार थरथरतो, म्हणून पुढचे ५० मिलिसेकंद बोटाचा माग घेऊन मगच दिशा पक्की करतो. तोवर बॅट खाली येतच असते, त्यामुळे खेळाडूला हा विलंब जाणवत नाही. मला या मांडणीत सर्वाधिक आनंद याच गोष्टीचा वाटतो.

```csharp
double commit = sample.time - releaseTime;
double err = commit - (flight - 0.120);
```

येथे `sample.time` ही स्पर्शाच्या नमुन्याची स्वतःची वेळ आहे, फ्रेमची नव्हे, आणि `releaseTime`, म्हणजे चेंडू हातातून सुटण्याची वेळ, त्याच घड्याळावर नोंदवलेली असली पाहिजे. `flight` म्हणजे तेथून बॅटपाशी पोहोचायला लागणारा वेळ; सर्व वेळा सेकंदांत आहेत. भुसावळच्या उन्हाळ्यात फोन तापला की तो स्वतःहून मंदावतो, सेकंदाच्या फ्रेम ६० वरून ३० वर येतात आणि फ्रेमगणिक वेळ मोजली तर एकेका स्पर्शात ३३ मिलिसेकंदांपर्यंत चूक शिरते, जी उत्तम टायमिंगच्या मर्यादेपेक्षाही मोठी आहे. युनिटीच्या नव्या इनपुट सिस्टिममधला `EnhancedTouch` ही वेळ देतो, म्हणून टायमिंगवर चालणाऱ्या कोणत्याही खेळासाठी मी आता तोच वापरावा असे म्हणेन.

टायमिंगची चूक आता फटक्याची दिशाही वळवते. उजव्या हाताच्या फलंदाजाने लवकर बॅट फिरवली तर चेंडू लेगकडे, उशीर झाला तर ऑफकडे सरकतो. सध्या दर १० मिलिसेकंदांना चार अंश ठेवले आहेत. त्यामुळे कव्हर ड्राइव्ह ३० मिलिसेकंद लवकर झाला तर चेंडू १२ अंश मिड-ऑफच्या बाजूला जातो. पुलसारख्या आडव्या बॅटच्या फटक्यांत बॅट चेंडूची रेषा क्षणभरच छेदते, म्हणून तेथे उत्तम टायमिंगची मर्यादा १५ मिलिसेकंद केली आहे.

याचा मोठा लाभ संथ चेंडूला झाला. गोलंदाजाचा तोच रनअप, तीच कृती, पण ११५ किमी वेग असला तर चेंडू सुमारे ५८५व्या मिलिसेकंदाला पोहोचतो. जो खेळाडू केवळ लयीवर ३६० ला स्वाइप करतो, तो १०५ मिलिसेकंद लवकर ठरतो आणि झेल उडतो. यासाठी वेगळा नियम लिहावा लागला नाही.

पुढे डावखुऱ्या फिरकीचे काम घेणार होतो, पण हे लिहिताना लेट कटचा विचार सुचला आणि तो आधी करावासा वाटतो. या फटक्यात चेंडू शरीराच्या जवळ येऊ देऊन खेळतात. संपर्काची जागा ४० सेंटिमीटर मागे नेली, तर आदर्श क्षण वेगवान चेंडूला जेमतेम १२ मिलिसेकंदांनी, तर टप्प्यानंतर सेकंदाला १८ मीटर वेगाने येणाऱ्या फिरकीला २२ मिलिसेकंदांनी पुढे जातो. म्हणजे फिरकीवर हा फटका सरळ फटक्यापासून स्पष्ट वेगळा जाणवेल. कोन थर्ड मॅनकडे असेल तेव्हाच ही सरकलेली वेळ लागू करायची. मात्र कोन ५० मिलिसेकंदांनंतर कळतो, म्हणून टायमिंगचा निकालही तोवर राखून ठेवावा लागेल. आधी तेवढा बदल करून पाहतो.