खांबाच्या अलीकडे, खांबाच्या पलीकडे

जुळ्यांचा सिनेमा लागला की मडगावच्या आमच्या घरी कथेकडे कोणाचं लक्ष नसतं. दोघी बहिणी एका चौकटीत समोरासमोर आल्या रे आल्या की मावशी ओरडते, "पळय, खांबो आयलो!" आणि खरोखरच दोघींच्या मधोमध एखादा खांब, दाराची चौकट, नाहीतर पडद्याची सरळ कड असते. इतका वेळ नटनटींच्या मागे हुंदडणारा कॅमेराही एकदम जागच्या जागी खिळतो.

खांबाशिवाय त्यांचं चालत नसे, हे खरं. संगणक येण्यापूर्वी एकाच नटीला दोनदा दाखवायची रूढ युक्ती अशी. भिंगापुढे काळी पट्टी बसवायची, म्हणजे चौकटीचा अर्धा भाग झाकला जातो. उरलेल्या अर्ध्या भागात नटी सीता होऊन बोलते. मग भिंग झाकून तीच फिल्म कॅमेऱ्यात उलटी फिरवत सुरुवातीच्या खुणेवर आणायची. तोवर नटी कपडे आणि केस बदलून गीता होते. आता पट्टी दुसऱ्या बाजूला आणि पुन्हा चित्रण. फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे २० सेकंदांच्या शॉटला ३० फूट. ते ३० फूट मोजून मागे घ्यायचे आणि तेवढ्याच चित्रांनंतर दुसरीने तोंड उघडायचं. गीताचं उत्तर सीताच्या प्रश्नाआधीच आलं, तर दोन्ही अर्धे फुकट.

सगळा जीव त्या मधल्या रेघेत. पट्ट्या एकमेकींवर जरा जास्त चढल्या तर मधे काळपट पट्टा उमटतो, फट राहिली तर तिथे दोनदा प्रकाश पडून पांढुरका पट्टा. भिंत दोन दिवसांत रंगवली की जोड दिसतो ना, तसा. पट्टी भिंगाच्या अगदी जवळ असल्याने तिची कड आपोआप धूसर होते, आणि भिंगाचं तोंड जितकं मोठं उघडाल तितकी जास्त धूसर. त्यामुळे दोन्ही वेळा ते तोंड सारखंच ठेवावं लागे, नाहीतर जोड जुळत नसे. एवढं करूनही जे उरेल ते खांबाच्या कडेत लपवायचं.

बाकी शत्रू बरेच. कॅमेरा केसभर हलला तर अर्धी भिंत थरथरते आणि अर्धी ढिम्म. जुना सिनेमा बघताना हे हमखास पकडता येतं, फक्त नजर चेहऱ्यांवरून काढून भिंतीवरच्या तसबिरीकडे न्यायची. सूर्य कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे असे शॉट शक्यतो स्टुडिओत, दिव्यांखाली. आणि नटीने हात लांब करायचा नाही. रेघेपलीकडे गेलेली बोटं सरळ कापली जातात, सावलीसुद्धा खांबापाशी तुटते. समोर रिकामी जागा, कोणी सहायक पलीकडून संवाद वाचतोय, आणि तिने बहिणीच्या डोळ्यांत बघून रडायचं! नटीचं खरं कौतुक मला इथे वाटतं. नजर दोन इंच वर गेली तरी दोघी एकमेकींच्या कपाळाशी बोलताहेत असं दिसतं.

मिठी मारायची तर डुप्लिकेट. तिची पाठ आपल्याकडे, नटीचा चेहरा तिच्या खांद्यावर, मग कट करून उलट्या बाजूने तसंच. इथे मावशीचं लक्ष खांबावरून उठून डुप्लिकेटच्या खांद्यांवर जातं. ते बहुतेक वेळा जरा रुंदच असतात.

१९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंक्यांनी राम आणि सीता दोघंही रंगवले, म्हणजे दुहेरी भूमिका आपल्याकडे मूकपटापासून आहे. पण लहानपणी ताटातूट झालेल्या जुळ्यांचं वेड कुठून आलं? माझा तर्क असा, की त्यात कॅमेऱ्याची सोयही होती. ‘राम और श्याम’ (१९६७) काय किंवा ‘सीता और गीता’ (१९७२) काय, दोघांची अदलाबदल होते, पण समोरासमोर भेट होते ती पार शेवटाकडे. एक छळ सोसतो, दुसरा चाबूक हाती घेतो, आणि अडीच तासांतला बराच काळ कॅमेऱ्यापुढे मुळात एकच माणूस असतो. खांब लागतो तो शेवटच्या काही रिळांत.

‘सीता और गीता’चे छायालेखक के. वैकुंठ. ते मडगावचे, त्यामुळे त्या सिनेमात खांब आला की मावशी ओरडत नाही. "आपल्या माणसाने नीट बसवलाय," एवढंच म्हणते, आणि बाकीच्यांनाही शोधू देत नाही.