साखरेने फसवलेली डिग्री आणि एका सडाचं दूध

संगमनेर भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीच्या मुलांसमोर बोलायचं होतं. विषय ठरलेला: दूध गोठ्यातून पिशवीत कसं येतं आणि ते तपासतात कशाला. मी डेअरीच्या लॅबमध्ये केमिस्ट. पण या गावात प्रवास समजावण्यात फार वेळ घालवावा लागला नाही. निम्म्या वर्गाच्या घरी गाई. पहाटेची धार, कॅन, संकलन केंद्र, तिथला चार अंशांवरचा बल्क कूलर हे सगळं त्यांनीच मला सांगितलं. पुढचं मी जोडलं: टँकर डेअरीत आला की आधी ढवळून नमुना काढतात, तो पास झाला तरच दूध उतरवतात. मग 72 अंशांवर 15 सेकंद तापवून लगेच थंड करतात आणि पिशवीत भरतात.

"मग तपासायचं कशाला? केंद्रावर फॅट लागते, डिग्री लागते, झालं की," एक मुलगा म्हणाला. प्रश्न बरोबर होता.

मी गाईचं दूध नेलं होतं. लॅक्टोमीटर सोडला, 28 डिग्री. मग 900 मिली दुधात 100 मिली पाणी घातलं. डिग्री 25 वर आली. "पाणी सापडलं!" वर्ग ओरडला. त्यानंतर त्याच दुधात दोन लहान चमचे साखर विरघळवली आणि लॅक्टोमीटर पुन्हा सोडला. डिग्री परत 28 च्या आसपास. वर्ग गप्प.

लॅक्टोमीटरला दूध कळत नाही, त्याला फक्त घनता कळते. पाण्याने घनता उतरते, साखरेने चढते. साय काढून घेतली तरी चढते, कारण फॅट हलकी असते. म्हणून डिग्री एकटी बघायची नाही. पाणी घातलेल्या दुधात साखर टाकून डिग्री वर आणता येते, पण फॅट वर येत नाही, 4.0 ची 3.6 झालेली तशीच राहते. तरी 3.6 फॅटवरूनही कुणाला भेसळदार म्हणता येत नाही. एखाद्या गाईची फॅट मुळातच तेवढी असते. म्हणून साखरेची चाचणी वेगळी करायची. नळीत थोडं दूध, थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि चिमूटभर रिसॉर्सिनॉल घेऊन मी ती उकळत्या पाण्यात धरली. ॲसिड असल्यामुळे मुलांना लांब बसवलं होतं. थोड्या वेळात दूध लाल झालं. शेजारच्या नळीतलं साधं दूध लाल झालं नाही.

भेसळीबद्दल बोलताना मुलं खूश असतात, कारण त्यात चोर पकडायचा असतो. खरा अवघड प्रश्न नंतर आला, मागच्या बाकावरून. एका मुलीने विचारलं, "सर, आमच्या गाईला दगडी झाली होती. सडात ट्यूब सोडली. ते दूध चालतं का?"

मी म्हटलं, नाही. दगडी म्हणजे कास सुजते, आणि त्यावर सडात सोडलेल्या ट्यूबमधलं अँटिबायोटिक दुधात उतरतं. उकळून ते जाईलच याची खात्री नाही, आणि त्यामुळे दही लागण्यात अडथळा येतो, कारण विरजणातले जिवाणूच मरतात. डेअरीत आम्ही टँकरच्या नमुन्यात पट्टी बुडवतो, काही मिनिटांत रेघा उमटतात. पण पट्टी ज्या औषध-गटांसाठी बनवलेली असते तेवढेच गट ती ओळखते, आणि गाय कुणाची हे ती सांगत नाही. ते केंद्राकेंद्राचे राखून ठेवलेले नमुने तपासून शोधावं लागतं. तोवर सगळा टँकर अडकून पडतो, आणि त्यात ज्यांच्या गाई धडधाकट आहेत त्यांचंही दूध असतं.

"पण आम्ही तेवढ्या सडाचं दूध वेगळं काढत होतो," ती म्हणाली. "बाकी तीन सडांचं घालत होतो."

बहुतेक घरांत असंच करतात आणि त्यात लबाडी नसते. मी फळ्यावर कास काढली, चार भाग दाखवले. औषध एका भागात सोडलं तरी थोडं रक्तात जातं आणि रक्तातून बाकीच्या भागांतल्या दुधात उतरू शकतं. म्हणून चारही सडांचं दूध बाजूला ठेवायचं. किती दिवस? ते औषधाच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं. औषधागणिक ते बदलतं, आणि दिवस मोजायचे ते शेवटच्या ट्यूबपासून, पहिल्या नाही. वेष्टन हरवलं असेल तर डॉक्टरांना विचारायचं.

"मग ते वासराला पाजायचं?" दुसऱ्या मुलाचा प्रश्न. तेही नको. वासराच्या पोटातल्या जंतूंना त्या औषधाची सवय होते.

मुलगी वहीत लिहीत होती. "दोनच गाई आहेत आमच्याकडं," ती मान वर न करता म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ओतून टाकलेल्या दुधाचे पैसे तिच्या घरी कुणी देत नाही, आणि ही गोष्ट मी वर्गाच्या बाईंसमोरच मान्य केली. मग तिने वेष्टनावर दिवस नेमके कुठे लिहिलेले असतात ते विचारलं.