तुम्ही विचारलंत म्हणून: गेम यूडीपीवर का चालतात?

“टीसीपीत एकही पॅकेट हरवत नाही, मग गेमवाले यूडीपी का वापरतात? आणि मी पोर्ट उघडूनही मित्रांना माझ्या सर्व्हरवर का येता येत नाही?”

टीसीपी हरवलेलं पॅकेट परत मागवतं, हे खरं आहे. पण ते येईपर्यंत मागून आलेली पॅकेट्स अडवून ठेवतं, कारण सगळं क्रमानेच द्यायचं असा त्याचा नियम आहे. गेमला नडतो तो हाच नियम.

काउंटर-स्ट्राइक २ घ्या. सर्व्हर सेकंदाला ६४ वेळा मैदानाची स्थिती मोजतो, म्हणजे साधारण दर १५.६ मिलिसेकंदांनी नवी माहिती निघू शकते. समजा तुमचा पिंग ६० आहे, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर यायला ६० मिलिसेकंद लागतात, आणि एक पॅकेट वाटेत हरवलं. यूडीपी हरवलेल्यासाठी थांबतच नाही, पुढचं पॅकेट १५.६ मिलिसेकंदांत येतं. मधली पोकळी गेम अंदाजाने भरून काढतो आणि तुम्हाला काही कळतही नाही. टीसीपीवर मात्र पुढची तीन पॅकेट्स पोचेपर्यंत सुमारे ४७ मिलिसेकंद जातात, तेव्हा कुठे हरवल्याची पक्की खूण पाठवणाऱ्याकडे निघते. ती खूण जायला ३० आणि नवी प्रत यायला ३० धरली, तर चित्र शंभरहून जास्त मिलिसेकंद गोठतं. मग अडलेली पाच-सहा पॅकेट्स एकदम मिळतात आणि समोरचा खेळाडू उडी मारल्यासारखा दुसरीकडे दिसतो. एवढं थांबून हाती काय आलं, तर तो मघाशी कुठे उभा होता याची माहिती. ती आता कुणालाच नको असते.

काही गोष्टी हरवून चालत नाहीत, उदाहरणार्थ चॅटचा मजकूर. तेवढ्यांपुरती पोच घेण्याची आणि पुन्हा पाठवण्याची सोय गेम यूडीपीवरच स्वतः करतो. माझ्या मते यूडीपीचा खरा फायदा हाच: कशासाठी थांबायचं हे गेम ठरवतो. सगळेच गेम असे नाहीत. माइनक्राफ्टची जावा आवृत्ती टीसीपीवर चालते, पोर्ट २५५६५. बेडरॉक आवृत्ती यूडीपीवर, पोर्ट १९१३२. त्यामुळे एकाच नावाच्या गेमलाही फायरवॉलचे नियम वेगळे लागतात.

आता तुमचं पोर्ट. फायरवॉलसाठी टीसीपी २७०१५ आणि यूडीपी २७०१५ ही दोन वेगळी दारं आहेत, एक उघडल्याने दुसरं उघडत नाही. काउंटर-स्ट्राइकच्या सर्व्हरवर खेळ चालतो यूडीपी २७०१५ वर. त्याच क्रमांकाचं टीसीपी पोर्ट असतं आरकॉनसाठी, म्हणजे दुरून सर्व्हरला आज्ञा देण्यासाठी. ते जगाला उघडू नका, फक्त स्वतःच्या मशीनला द्या. सर्व्हर लिनक्सवर असेल तर असं, 192.168.1.20 च्या जागी त्या मशीनचा पत्ता घालून:

```
sudo ufw allow 27015/udp
sudo ufw allow from 192.168.1.20 to any port 27015 proto tcp
```

राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्येही प्रोटोकॉलच्या रकान्यात यूडीपी निवडलेलं हवं. नुसतं खेळायला जाणाऱ्याला यातलं काही करावं लागत नाही. त्याचं पॅकेट आतून बाहेर गेलं की ते कुठून कुठे गेलं ही जोडी फायरवॉल लक्षात ठेवते आणि उत्तर आत येऊ देते. मात्र यूडीपीत जोडणी सुरू झाली किंवा संपली हे सांगणारं पॅकेटच नसतं, म्हणून ही आठवण घड्याळावर चालते. लिनक्समध्ये एकाच बाजूने आलेल्या यूडीपीसाठी ही मुदत मुळात ३० सेकंद असते. लॉबीत शांत बसल्यावरही गेम अधूनमधून छोटी पॅकेट्स का पाठवतो, ते यावरून कळेल.

तपासायची रीतही वेगळी आहे. टेलनेट आणि ‘पोर्ट उघडं आहे का’ सांगणारी बरीच संकेतस्थळं टीसीपीच तपासतात, त्यांच्या उत्तरावर यूडीपीचा निष्कर्ष काढू नका. मित्राला जोडायला सांगा आणि सर्व्हरवर हे चालवा:

```
sudo tcpdump -ni any udp port 27015
```

पॅकेट्स येताना दिसतात पण एकही परत जात नाही, तर अडथळा त्याच मशीनवर आहे: तिथली फायरवॉल तरी, किंवा गेम त्या पोर्टवर ऐकतच नाही. काहीच दिसत नसेल तर ती सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नाहीत. मग राउटरचा बाहेरचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुमचा इंटरनेटवाला एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतो आहे. अशा वेळी तुमच्या राउटरवरच्या नियमाचा उपयोग नाही. सार्वजनिक आयपी मागावा लागतो किंवा सर्व्हर भाड्याच्या मशीनवर ठेवावा लागतो.

कॉलेजच्या वायफायवरून खेळणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: लॉगिन होतं, दुकान उघडतं, सामना मात्र जोडला जात नाही. लॉगिन आणि दुकान साधारणपणे टीसीपी ४४३ वर चालतात, आणि त्या जाळ्याने बाहेर जाणारं यूडीपी बंद केलेलं असू शकतं. तिथे स्वतःच्या फोनची फायरवॉल चाचपण्यात वेळ घालवू नका. मोबाईल डेटावर तोच सामना लगेच जोडला गेला, तर बहुधा कारण हेच.