पाच लाखांची देणगी आणि तिचा वेगळा खाना

आमची संस्था सांगलीच्या गावभागात आहे. एक वाचनालय, त्याला जोडून अभ्यासिका आणि भाड्याने दिलेला छोटा हॉल. खजिनदार म्हणून मी बिनपगारी काम पाहतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मूळच्या सांगलीच्या, आता पुण्यात राहणाऱ्या एका बाईंनी पाच लाख रुपये एनईएफटीने पाठवले आणि सोबत पत्र दिलं. रक्कम मुलींच्या अभ्यासिकेसाठी: टेबल-खुर्च्या, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणि अभ्यासिका सांभाळणाऱ्या ताईंचं दोन वर्षांचं मानधन. ठेवीवर व्याज मिळालं तर तेही याच कामाला लावावं, असं शेवटचं वाक्य होतं. ते एक वाक्य पुढे फार उपयोगी पडलं.

लिपिकाने नेहमीप्रमाणे पावती फाडली आणि टॅलीत बँक नावे, देणगी जमा अशी नोंद केली. त्याचंही बरोबर, पावतीपुस्तकात एकच प्रकार छापलेला, खातंही एकच. पण ही नोंद तशीच राहिली असती तर काय झालं असतं ते बघा. त्या वर्षी आमचं नेहमीचं उत्पन्न नऊ लाख आणि खर्च आठ लाख सत्तर हजार. म्हणजे खरी शिल्लक तीस हजारांची. देणगी उत्पन्नात धरली की शिल्लक दिसते पाच लाख तीस हजार. सर्वसाधारण सभेत हा आकडा वाचला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग हॉलला रंग कधी? आणि पुढच्या वर्षी, जेव्हा हे पैसे खर्च होतील तेव्हा, उत्पन्न काहीच नाही आणि खर्च मात्र आहे, म्हणून विनाकारण तूट दिसणार. दोन्ही वर्षांचे हिशेब खोटे नाहीत, पण दोन्ही वाचणाऱ्याला फसवतात.

मार्च संपायच्या आत जर्नल व्हाउचर केलं:

देणगी खाते नावे ५,००,०००
मुलींची अभ्यासिका निधी खाते जमा ५,००,०००

हा निधी ताळेबंदात जबाबदारीच्या बाजूला बसतो. धर्मादाय कार्यालयाला द्यायच्या ताळेबंदाच्या नमुन्यात, म्हणजे परिशिष्ट आठमध्ये, विश्वस्त निधी किंवा कॉर्पसच्या खाली इतर राखीव निधींसाठी वेगळी जागा आहे. तिथेच तो दाखवायचा. अध्यक्ष अण्णांचं म्हणणं, ‘‘एवढी मोठी रक्कम आहे, सरळ कॉर्पसला टाका, भारदस्त दिसेल.’’ पण कॉर्पस म्हणजे मुद्दल कायम राखायचं आणि देणाऱ्याने तसं लेखी सांगितलेलं असायचं. बाईंचं पत्र तर खर्च करा म्हणतंय. आपल्या मनाने कॉर्पस म्हटलं तर १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ११(१)(डी)ची कॉर्पस देणगीची सवलत मागताना हेच पत्र आपल्याविरुद्ध जाणार.

निधीची नोंद झाल्यावर मी एक साधा ताळा घेतला. निधीची बाकी पाच लाख आणि अजून दमडी खर्च नाही, तर ३१ मार्चला बँकेत निदान पाच लाख तरी हवेत. होते ४,८६,३००. म्हणजे १३,७०० रुपये कमी. चोरी वगैरे काही नव्हती. हॉलचं भाडं उत्पन्नात धरलेलं, पण हातात यायचं होतं, आणि दरम्यान वीजबिल, सफाई, किरकोळ दुरुस्ती त्याच बचत खात्यातून भागली होती. अभ्यासिकेच्या पैशातून संस्थेने नकळत उसनवारी केली होती. एकाच खात्यात सगळे पैसे असले की हे कुणाच्या लक्षातही येत नाही. २०१९च्या महापुरानंतर आमच्याकडे मदतीचे पैसे आले होते. त्यातले किती उरले, हे आजही कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्याचं कारण हेच. एप्रिलमध्ये भाडं जमा झाल्यावर निधीचं वेगळं बचत खातं उघडलं, पूर्ण पाच लाख तिकडे वळवले आणि त्यातले दीड लाख वर्षभराच्या ठेवीत ठेवले.

ठेव कुठे ठेवायची यावर समितीत बरीच चर्चा झाली. जवळच्या पतसंस्थेचा दर चांगला होता, ओळखही होती. मी नाही म्हटलं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे ट्रस्टचा पैसा शेड्यूल्ड बँक, पोस्ट किंवा शासनाने मान्य केलेली सहकारी बँक अशा ठिकाणीच ठेवता येतो, आणि १९६१च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलम ११(५)च्या यादीतही पतसंस्था बसत नव्हती. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी करमाफीच अडचणीत आणण्यात अर्थ नव्हता. ठेव राष्ट्रीयीकृत बँकेत सात टक्क्यांनी केली. वर्षाचं व्याज साडेदहा हजार आलं. पत्रातल्या त्या वाक्यामुळे ते बँक नावे, अभ्यासिका निधी जमा असं सरळ निधीतच गेलं. पत्र गप्प असतं तर हे व्याज संस्थेच्या सर्वसाधारण उत्पन्नात घ्यावं लागलं असतं.

खर्च २०२४-२५ मध्ये सुरू झाला. इथे दोन प्रकार वेगळे ठेवावे लागतात. एक चालू खर्च: ताईंचं मानधन जुलैपासून दरमहा आठ हजार, म्हणजे नऊ महिन्यांचे ७२,०००, आणि दरवर्षी बदलणारी पुस्तकं व मासिकं ३८,०००. एकूण १,१०,०००. खर्चाच्या नोंदी नेहमीसारख्याच, मानधन नावे, बँक जमा. फक्त प्रत्येक व्हाउचरला टॅलीत अभ्यासिकेचं कॉस्ट सेंटर लावलं. वर्षअखेरीला तेवढीच रक्कम निधीतून उत्पन्नात आणली:

अभ्यासिका निधी खाते नावे १,१०,०००
निधीतून वर्ग (उत्पन्न-खर्च पत्रक) जमा १,१०,०००

एका बाजूला खर्च, दुसऱ्या बाजूला तितकंच उत्पन्न. शिल्लक ना वाढली ना घटली. परिशिष्ट नऊमध्ये राखीव निधीतून वर्ग केलेल्या रकमेसाठी ओळ छापलेलीच असते. आमच्या फाईलमध्ये ती वर्षानुवर्षं कोरी होती.

दुसरा प्रकार फर्निचरचा. जूनमध्ये २,४०,००० रुपयांची लोखंडी टेबलं, खुर्च्या आणि रॅक घेतले. प्लायवूडचं स्वस्त पडत होतं, पण गावभागात कृष्णेचं पाणी कुठवर येतं ते सगळ्यांनी पाहिलंय. ही रक्कम एकदम उत्पन्नात वर्ग केली तर चूक होते, कारण फर्निचर मालमत्तेत जातं. उत्पन्न-खर्च पत्रकात त्याच्यासमोर खर्चच नसतो, आणि पुन्हा २,४०,०००ची फुगलेली शिल्लक दिसते. म्हणून फर्निचर नावे, बँक जमा या नोंदीबरोबर आणखी एक नोंद केली:

अभ्यासिका निधी खाते नावे २,४०,०००
देणगीतून घेतलेली मालमत्ता निधी जमा २,४०,०००

पैसा निधीतून गेला, पण त्याच्या जागी वस्तू आली, हे या नव्या खात्यावरून कळतं. मग ३१ मार्चला दहा टक्के घसारा, २४,०००. तो खर्चात पडतोच. त्याच वेळी मालमत्ता निधीतून २४,००० उत्पन्नात आणायचे. दोन्ही एकमेकांना खातात. फर्निचर २,१६,००० आणि मालमत्ता निधीही २,१६,०००. हे दोन आकडे दरवर्षी जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर कुणीतरी घसाऱ्याची एकच बाजू टाकली आहे असं समजावं.

वीजबिलावरून मात्र खटका उडाला. अभ्यासिकेत पंखे रात्री दहापर्यंत चालतात, म्हणून वर्षाचे अठरा हजार निधीतून घ्यावेत असं समितीत ठरत आलं होतं. मागणी गैर नव्हती. पण पत्रात वीज नव्हती आणि अठरा हजार हा आकडाही अंदाजाचाच. मीटर सगळ्या इमारतीला एकच. मी तो खर्च सर्वसाधारण खात्यातच ठेवला आणि बाईंना पत्र लिहिलं.

आता प्राप्तिकराचा भाग. तो आमच्या सीएने सांगितला तेव्हा मी दोनदा विचारून घेतला. ‘‘काका, तुमच्या पुस्तकात हे उत्पन्न नाही, पण कराच्या हिशेबात आपण धरून चालू. कॉर्पस नाही ना.’’ म्हणजे २०२३-२४चं उत्पन्न चौदा लाख. त्याचे ८५ टक्के ११,९०,००० त्याच वर्षी खर्च व्हायला हवेत, झाले ८,७०,०००. कमी पडले ३,२०,०००. तेवढ्यांसाठी फॉर्म १० भरून, कुठल्या कामासाठी साठवतोय ते नेमकं लिहून, पाच वर्षांपर्यंतची मुभा घेतली. निधी पाच लाखांचा आणि फॉर्म १० मधली रक्कम ३,२०,००० कशी, हा प्रश्न सगळ्या विश्वस्तांनी विचारला. हे दोन वेगळे हिशेब आहेत. पहिला देणाऱ्याशी, दुसरा प्राप्तिकर खात्याशी.

पुढच्या वर्षी निधीतून ३,५०,००० खर्च झाले. त्यातले पहिले ३,२०,००० आदल्या वर्षीच्या साठवणुकीचे. नव्या वर्षाच्या ८५ टक्क्यांत ते पुन्हा धरता येत नाहीत, फक्त वरचे तीस हजार धरता येतात. फर्निचरची पूर्ण किंमत वापर म्हणून दाखवली, म्हणून कराच्या हिशेबात त्यावरचा घसाराही पुन्हा मागता येत नाही. सीएने या दोन्ही गोष्टी वेगळ्या कागदावर मांडून फाईलला लावल्या. पुढचा खजिनदार कुणी का असेना, त्याला तो कागद लागणारच.

देणग्यांची माहिती प्राप्तिकर खात्याला कळवणारा फॉर्म १०बीडी मात्र पैसे मिळाले त्या वर्षाचा भरायचा होता, खर्च कधीही होवो. तो मे २०२४ अखेर भरताना देणगीच्या प्रकारात कॉर्पस न निवडता स्पेसिफिक ग्रँट निवडलं आणि बाईंना देणगीचं १०बीई प्रमाणपत्र पाठवलं.

एप्रिल २०२५ मध्ये विनियोगाचं एक पान केलं. मिळाले ५,००,०००, व्याज १०,५००, फर्निचर २,४०,०००, मानधन व पुस्तकं १,१०,०००, शिल्लक १,६०,५००. खाली ती शिल्लक कुठे आहे तेही लिहिलं: ठेव १,५०,०००, निधीच्या बचत खात्यात १०,५००. बिलांच्या आणि पासबुकाच्या प्रती जोडल्या. हेच पान ऑडिटच्या फाईलमध्येही लावलं.

बाईंचं उत्तर ईमेलने आलं. विजेसाठी एप्रिल २०२५ पासून दरमहा पाचशेपर्यंत घ्यायला त्यांची हरकत नव्हती; मागच्या वर्षाचं नको म्हणाल्या. जून २०२६ पर्यंतचं मानधन १,२०,००० आणि पंधरा महिन्यांची वीज ७,५०० वजा जाता पुस्तकांना ३३,००० उरतात, वर ठेवीचं पुढचं व्याज. ईमेलची प्रत मूळ पत्रामागे टाचली आणि एप्रिलच्या वीजबिलातले पाचशे रुपये अभ्यासिकेच्या कॉस्ट सेंटरला लावायला लिपिकाला सांगितलं.